500 च्या जागी 100 टॉवेल मागणाऱ्याला काय उत्तर द्यायचं?

नवा_पुरवठादार: महाबळेश्वरचा एक हॉटेलवाला म्हणतो, "500 चा एमओक्यू, म्हणजे कमीत कमी ऑर्डर, आधी 100 करा, मग दराचं बोलू." रंगीत टॉवेल, विणलेला लोगो. पहिलंच गिऱ्हाईक आहे, हो म्हणून टाकू का?

सोलापूर_माग: अजिबात नको! असल्या 'हो'मुळेच आमचा धंदा बसलाय. 30 बाय 60 इंची टॉवेल साधारण अर्ध्या किलोचा, म्हणजे 100 नगांना सूत 50 किलो. आमच्या रंगखान्यातलं मशीन 100 किलोचं. अर्धं भरलं तरी बिल पूर्ण, शिवाय पाण्याचं प्रमाण बिघडून रंगाची शेड हलते. वर लोगो विणायला मागावर जकार्डचं डिझाइन आणि सुताचा बीम चढवणं आलंच. त्याला लिहा: "या शेडला आणि विणलेल्या लोगोला 500 च. 100 हवे असतील तर तयार पांढऱ्या टॉवेलवर लोगोचं भरतकाम करून देतो, दर वेगळा."

लॉजवाली_पाचगणी: गिऱ्हाईक घासाघीसच करतंय असं का धरता? माझ्या 20 खोल्या. खोलीला दोन टॉवेल, एक सेट वापरात, एक धुवायला, एक कपाटात, म्हणजे झाले 120. पाचशे घेऊन ठेवू कुठे? आमच्या पावसाळ्यात कपाटातल्या घडीलाही कुबट वास येतो. आधी खोल्या किती ते विचारा, मग नियम सांगा.

पेठेतला: सोपं आहे. 500 ची ऑर्डर घ्या, माल तीन हप्त्यांत द्या. पैसे बुडत नाहीत, लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांत भरायचा कायदा आहे.

सोलापूर_माग: कायद्याने पैसे येतात हे कुणी सांगितलं? 45 दिवस लेखी करार असेल तर, नाहीतर 15. मुदत टळली तर खरेदीदाराला व्याज लागतं आणि प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात तो खर्च धरता येत नाही. तेही विकणारा उद्यम नोंदणीचा सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर. नुसत्या व्यापाऱ्याला लागू नाही. एका रिसॉर्टने पहिला हप्ता उचलला आणि मालक बदलला. त्यांच्या लोगोचे टॉवेल माझ्या गोदामात पडून आहेत, कोण घेणार?

पेठेतला: वकिलाची नोटीस द्यायची होती.

सोलापूर_माग: दिली! तुम्ही खर्च भरा, आणखी एक देतो.

लॉजवाली_पाचगणी: वाद पुरे. हप्त्यांचा सौदा असेल तर रंगाईआधी निम्मे पैसे घ्या. मी दिले असते. पण भरतकामाचा धागा कच्च्या रंगाचा नको, लाँड्रीच्या ब्लीचमध्ये लोगो उडतो. एक नमुना धुऊन दाखवा.

सोलापूर_माग: खोल्यांचं विचारायचं, हे मान्य. पण दर ठरायच्या आधी आकडा खाली आणायचा नाही. आज फुकट 100 केलेत, तर उद्या त्याच 100 ला तो 500 चा भाव मागेल.

नवा_पुरवठादार: विचारलं. खोल्या 34 निघाल्या. पांढरा चालेल म्हणाले, पण भरतकामाचा दर ऐकून गप्प आहेत.