सवाल-जवाबाची लावणी : ओळ ढोलकीवर का अडखळते?

> "साताऱ्यातल्या कार्यक्रमासाठी सवाल-जवाब लिहितोय. 'कंदी पेढे घेऊन येतो म्हणाला होतास' ही ओळ ढोलकीवर बसत नाही. काय करू?"

ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, असं मोजा. इथे ढोलकीचं एक आवर्तन आठ मात्रांचं धरलंय, म्हणून प्रत्येक तुकडा आठात बसायला हवा. 'कंदी पेढे' बरोबर आठ. पण 'घेऊन येतो' नऊ, म्हणजे 'तो' पुढच्या आवर्तनात सांडतो आणि तिथून सगळीच ओळ घसरते. 'म्हणाला होतास' तर दहा! गाणारी मग अक्षरं गिळते आणि सवालच कळत नाही.

आठ-आठात असं बसेल:

ती : कंदी पेढे आणिन म्हणला,
पुडा रिकामा, कुठं उडवला?

तो : वाट बघुन तू गाल फुगवला,
गालच पेढा, पुडा कशाला?

'बघून' मुद्दाम ऱ्हस्व केलाय, नाहीतर एक मात्रा वाढते. आठांची बेरीज जुळली तरी पाचव्या मात्रेवर नवं अक्षर सुरू व्हायला हवं, कारण तिथेच दुसरा ठोका येतो. 'कुठं सांडला' मोजून आठच भरतं, पण 'सां' चौथ्या-पाचव्या मात्रेवर पसरतो आणि ठोका आकारात बुडतो. 'उडवला'त तिथे 'ड' येतो, तो कडक वाजतो.

जवाबाने सवालातलाच शब्द उलटवायचा. इथे पेढा आणि पुडा दोन्ही परत आले. त्याने नुसतं 'तू फार गोड' म्हटलं असतं तर ती स्तुती झाली असती, जवाब नव्हे. ओळी 'ला'वर संपवल्यात, म्हणजे झीलकऱ्यांना सूर ओढायला आकार मिळतो. सवालानंतर एक आवर्तन ढोलकीला मोकळं सोडा, हशा तिथे पिकतो.