मदत हवी आहे: चार महिने व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू, तरी जुलाब आणि रिपोर्ट जसेच्या तसे

उंबरठा:
नमस्कार. प्रश्न माझ्या मोठ्या भावाबद्दल आहे, वय 46. दारू रोजची, साधारण 15 वर्षं. गेल्या सहा महिन्यांपासून सकाळी उठल्या उठल्या तीन-चार वेळा पातळ शी होते, दुपारनंतर जरा बरं. शी तपासली, जंतू वगैरे काही निघालं नाही. रक्तात हिमोग्लोबिन 10.6, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार 108, फोलेट कमी, मॅग्नेशियम 1.3, बी12 मात्र नॉर्मल. डॉक्टरांनी मल्टिव्हिटॅमिन, फॉलिक ॲसिड आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्या. त्या तो खरंच घेतो, रिकाम्या पट्ट्या मी स्वतः मोजल्या आहेत. काल पुन्हा तपासलं तर एमसीव्ही 107, मॅग्नेशियम 1.4. दारू थोडी कमी केलीय म्हणतो, बंद नाही. गोळ्या पोटात जातात, मग रक्तात का दिसत नाहीत? कंपनी बदलून बघू का?

भरतीओहोटी:
मलाही बिअर प्यायल्यावर दुसऱ्या दिवशी हमखास जुलाब होतात. मी एक दिवस साधं खातो, भरपूर पाणी पितो, की ठणठणीत. भावाला सांगा बिअर टाळ, बाकीचं चालतं.

उंबरठा:
बिअरचा प्रश्नच नाही हो, तो पितच नाही. आणि हे एका दिवसाचं नाही, सहा महिने चाललंय.

निशाचर22:
आतड्यातले चांगले जंतू मेलेत, एवढंच. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल सुरू करा. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत नवं येतं, त्यामुळे आजपासून दारू एकदम बंद केली तर आठवड्यात सगळं जागेवर येईल.

जुनावॉर्ड:
पोटविकाराच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलंय म्हणून लिहितो. निशाचर, अस्तराचं बरोबर आहे, बाकीचं निम्मं. आणि "आजपासून एकदम बंद" हे कृपया कुणी अमलात आणू नका, त्यावर शेवटी येतो.

उंबरठा, गोळी पोटात जाणं आणि रक्तात जाणं यांच्यामध्ये आतड्याच्या पेशींचा एकच थर असतो. त्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. दारू पेशीत आणि आतड्यातल्या जंतूंमध्येही मोडते, तेव्हा ॲसिटाल्डिहाइड तयार होतं, आणि ते या चिकटलेल्या जागा सैल करतं. फटीतून जंतूंचे तुकडे आत शिरतात आणि रक्तावाटे थेट लिव्हरकडे जातात. म्हणजे नको ते आत जातं. हवं ते मात्र अडतं, कारण फोलेट आणि थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी1, असं फटीतून पुरेसं शिरत नाही. त्यांना पेशीवरचे ठरावीक वाहक लागतात, आणि रोजच्या दारूने ते वाहकच कमी होतात. दरवाजावर माणूसच नसेल तर गोळीची कंपनी बदलून काय होणार?

जुलाबाचं कारण एक नाही. दारूने छोट्या आतड्याची चाल बदलते. अन्न अडवून धरणाऱ्या लाटा मंदावतात, पुढे ढकलणाऱ्या तशाच राहतात. त्यामुळे अन्न शोषलं जाण्याआधीच पुढे सरकतं. दूध पचवणारं एन्झाइमही घटतं, म्हणून यातल्या अनेकांना दूध चालेनासं होतं. शिवाय जे जंतू मोठ्या आतड्यात असायला हवेत ते छोट्या आतड्यात वाढतात. प्रोबायोटिकची कॅप्सूल यातलं फारसं काही सोडवत नाही, विशेषतः वरून रोज दारू पडत असताना.

आता तुमच्या रिपोर्टमधली एक गंमत, कडू आहे पण सांगतो. मॅग्नेशियमची गोळी स्वतःच जुलाब लावते. ज्याला आधीच पातळ होतंय त्याला जास्त डोस दिला की मॅग्नेशियम शीतून निघून जातं. दुसरी गळती लघवीतून, कारण दारू मूत्रपिंडाला मॅग्नेशियम सोडायला लावते. आकडा 1.3 वरून जेमतेम 1.4 झाला तो यामुळे. गोळ्या कोणत्या वेळी आणि किती घेतो, ते डॉक्टरांना दाखवा. पोटॅशियमही बघा. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियम कितीही द्या, टिकत नाही.

एमसीव्हीचं वेगळं. लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, आणि दारू फोलेट नसतानाच नव्हे तर असतानाही त्यांना मोठं करते. प्यायचं थांबल्यावर तो आकडा खाली यायला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे 107 पाहून गोळ्या फुकट गेल्या असं म्हणू नका, फोलेट पुन्हा तपासा. बी12 नॉर्मल आलंय त्यावर मात्र फार विसंबू नका. लिव्हर दुखावलेलं असेल तर रक्तातला आकडा चांगला दिसतो आणि पेशींना ते मिळत नसतं.

निशाचर22:
पण मग वाहक नाहीत म्हणता, तर इंजेक्शनने सगळं का नाही देत?

जुनावॉर्ड:
थायमिन देतातच. तिथे रिपोर्टची वाट बघायची नसते. ते कमी पडून माणूस गोंधळला, चालताना झोकांड्या खाऊ लागला, नजर नीट हलेनाशी झाली, तर "पिऊन आलाय" म्हणून घरात झोपवू नका, तसाच दवाखान्यात न्या. तिथे गेल्या गेल्या दारूबद्दल सांगा, म्हणजे ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी किंवा तिच्याबरोबरच थायमिन दिलं जातं.

आणि बंद करण्याबद्दल. 15 वर्षं रोज पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भ्रम, घाम, प्रचंड थरथर. जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने बंद करायचं. पण बंद करणं हाच मुख्य इलाज आहे, गोळी नव्हे.

उंबरठा, एक विचारू? शी कशी दिसते?

उंबरठा:
विचारलंत ते बरं झालं, मला हे लिहायला लाज वाटत होती. फिकट, पाण्यावर तरंगते, आणि भांड्याला चिकटून राहते, दोनदा पाणी ओतावं लागतं. कधी कधी वर तेलासारखे डोळे दिसतात. वजन 68 वरून 59 झालंय.

जुनावॉर्ड:
मग प्रश्न फक्त अस्तराचा नसावा. तेलकट, तरंगणारी शी आणि उतरणारं वजन म्हणजे चरबी पचत नाही, आणि इतक्या वर्षांच्या दारूनंतर पहिला संशय स्वादुपिंडावर. तसं असेल तर ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी व्हिटॅमिनंही निघून जात असणार. शीची इलास्टेज तपासणी करायला सांगा, त्यात स्वादुपिंडाचं एन्झाइम किती येतंय ते कळतं. पण नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून जरा घट्ट झालेल्या दिवशीचा द्या. कमी आला तर जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल देतात, त्याने फरक पडतो.

भरतीओहोटी:
माझं उत्तर मागे घेतो. मला वाटलं पार्टीनंतरचं काहीतरी.

उंबरठा:
डॉक्टरांना आज दाखवलं. त्यांनी मॅग्नेशियम निम्मं करून दिवसभरात विभागून घ्यायला सांगितलं, थायमिनची इंजेक्शनं सुरू केली आणि इलास्टेज लिहून दिली, रिपोर्ट शुक्रवारी. ॲडमिट होऊन दारू सोडवायचं म्हटलं तर दादा "इंजेक्शनने बरं वाटलं तर बघू" एवढंच बोलतोय. रात्रीचा ग्लास निम्म्यावर आलाय असं म्हणतो, बाटली मात्र मोजायला देत नाही. आणि त्याला रोज रात्री दूध लागतं, ते थांबवावं का, की जुलाब दुधाचे आहेत की स्वादुपिंडाचे हे कळेपर्यंत चालू ठेवावं?

जुनावॉर्ड:
चार दिवस दूध बंद करून बघा, बाकी काही बदलू नका. सकाळच्या फेऱ्या लिहून ठेवा, रिपोर्टबरोबर त्या आकड्यांचीही मदत होईल.