मदत हवी आहे: चौथ्या फ्रेटवरचा हार्मोनिक दबतो

मंडळी, मी सांगलीचा, गिटारची तार ६५ सेंमी. सातव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून छेडलं की तार तीन भागांत थरथरते. वाजत असताना एकोणिसाव्यावर बोट टेकवलं तरी सूर टिकतो, बाराव्यावर टेकवलं की मरतो. इथवर कळलं.

अडकलोय पाच भागांवर. पहिला स्थिर बिंदू नटपासून १३ सेंमीवर येतो, चौथा फ्रेट मात्र १३.४ वर. बोट जरासं नटकडे सरकवलं, सूर मोकळा झाला, पण क्षीणच. मी छेडतोही ब्रिजपासून साधारण १३ सेंमीवर. म्हणजे तिथल्या स्थिर बिंदूवरच घाव घालतोय का? मग छेडायचं कुठे? मिरजेचे तंतुवाद्यवाले कुणी असाल तर सांगा हो, सतारीवर हे रोजचंच असेल.