पाऊण तास थांबवून काय साधतं?

> "बाजार पडायचा तो पडणारच, मग पाऊण तास थांबवून काय साधतं?"

मार्च २०२० मधले दोन दिवस बघा. १३ तारखेला बाजार उघडल्यावर काही मिनिटांतच निफ्टी १० टक्के कोसळला आणि सर्किट ब्रेकरच्या नियमाने सगळ्या बाजाराचे व्यवहार पाऊण तास थांबले. नंतर सुरू झाल्यावर सेन्सेक्स तेराशेहून जास्त अंशांनी वर बंद झाला. २३ तारखेला पुन्हा तसंच थांबवलं, पण त्या दिवशी सेन्सेक्स सुमारे १३ टक्के घसरूनच बंद झाला. म्हणजे सर्किट ब्रेकर घसरण अडवत नाही. ते त्याचं कामच नाही.

अशा घसरणीत खरेदीच्या ऑर्डर जवळपास नाहीशा होतात. उधारीच्या सौद्यासाठी ठेवलेली तारण रक्कम, म्हणजे मार्जिन, कमी पडलं म्हणून ब्रोकर शेअर विकतो, ती विक्री मिळेल त्या भावाला होते, भाव आणखी पडतो आणि पुढच्याचं मार्जिन कमी पडतं. थांबलेल्या वेळात पैसे भरता येतात. त्यानंतर १५ मिनिटं प्री-ओपन असतं, त्यात सगळ्या ऑर्डर गोळा होऊन एकच भाव ठरतो. मला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

मर्यादा मात्र जवळ ठेवली तर उलटंच होतं. चीनने जानेवारी २०१६ मध्ये ५ टक्क्यांवर १५ मिनिटं विराम आणि ७ टक्क्यांवर दिवसभर बंद असा नियम आणला. ५ टक्क्यांनंतर बाजार उघडताच, दार बंद होण्याआधी सुटावं म्हणून लोक विकत सुटले. ७ जानेवारीला अर्ध्या तासाच्या आत दिवस संपला, आणि नियम लगेच स्थगित झाला. आपल्याकडे १०, १५ आणि २० असे टप्पे लांब लांब आहेत.