मदत हवी आहे: चौकशी अहवालाची प्रत मागण्याचं पत्र कसं लिहू? (वेर्णा, खासगी कंपनी)

फोंडेकरीण
वेर्ण्याच्या वसाहतीत एका औषध कंपनीत लॅबमध्ये आहे. 3 फेब्रुवारीला सुपरवायझरविरुद्ध लैंगिक छळाची लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे दिली. शेवटची सुनावणी 22 एप्रिलला झाली. 12 मे रोजी एचआरने केबिनमध्ये बोलावून अकरा पानांची फाइल समोर ठेवली. मोबाईल बाहेर ठेवायला लावला, पंधरा मिनिटं दिली आणि 'अहवाल वाचला' म्हणून सही घेतली. सातव्या पानावर 'आरोप सिद्ध होत नाहीत' असं आहे. माझ्या साक्षीदार मैत्रिणीने जे सांगितलं, त्याच्या जवळजवळ उलटं तिच्या नावावर लिहिलंय. प्रत मागितली तर म्हणतात, गोपनीय आहे, कायद्यानेच देता येत नाही. खरंच का? आज 20 जून.

पणजीचा पाहुणा
सरळ आरटीआय टाका. 30 दिवसांत द्यावंच लागतं.

निवृत्त हेडक्लार्क
माझ्यावर खात्याची चौकशी झाली होती तेव्हा अहवाल घरपोच आला, वर म्हणणं मांडायला 15 दिवस. शिक्षा करण्याआधी अहवालाची प्रत द्यायलाच हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने 1993 सालीच सांगितलंय. तुम्हाला मेमो मिळालाय का?

फोंडेकरीण
काका, आरोपी मी नाही, तक्रारदार आहे. आणि नोकरी सरकारी नाही.

निवृत्त हेडक्लार्क
माफ कर गो बाय, घाईत वाचलं.

समितीवाली
मी तीन वर्षं एका समितीवर बाहेरची सदस्य होते. आरटीआय इथे चालणार नाही. खासगी कंपनी त्यात येत नाही, आणि आलीच तरी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 16 आडवं येतं. एचआर तेच कलम दाखवत असेल, पण अर्धंच वाचून. तिथली बंदी जनता, वृत्तपत्रं आणि माध्यमांना कळवण्यावर आहे. तक्रारदार आणि ज्याच्यावर तक्रार आहे तो, हे दोघे त्या प्रकरणाचे पक्ष. कलम 13 सांगतं की चौकशी संपल्यापासून 10 दिवसांत अहवाल मालकाला द्यायचा आणि संबंधित पक्षांनाही उपलब्ध करायचा. कंपनी 'उपलब्ध' म्हणजे 'दाखवला' असा अर्थ लावते, तिची सगळी पळवाट त्या एका शब्दात आहे. पण कलम 11 मध्ये, दोघेही कर्मचारी असतील तर, निष्कर्षांची 'प्रत' असं स्पष्ट आहे, तीही समितीपुढे त्याविरुद्ध म्हणणं मांडता यावं म्हणून. पंधरा मिनिटांत अकरा पानांवर कोण म्हणणं मांडणार?

आता एक सांग. तुला दाखवलं ते अंतिम होतं की म्हणणं मागवण्याआधीचे निष्कर्ष? शेवटी तारीख काय होती?

फोंडेकरीण
सह्यांखाली 30 एप्रिल होती. वर 'शिफारशी' असा मथळा होता. त्याआधी मला काहीच दिलं नव्हतं.

समितीवाली
म्हणजे अंतिमच, आणि मधला टप्पा गाळला. पत्रात हे लिहायचंच. अपिलाची मुदत शिफारशींपासून 90 दिवस. 30 एप्रिलपासून मोजलं तर 29 जुलै. तू 12 मेपासून मोजशील, ते मोजू नकोस. प्रतीची वाट बघत बसू नकोस, ती नाही आली तरी अपील वेळेत जायला हवं. पत्र साधं ठेव, राग त्यात नको:

'प्रति, अध्यक्षा, अंतर्गत समिती. प्रत: व्यवस्थापन.
विषय: 3 फेब्रुवारीच्या तक्रारीवरील अहवाल व निष्कर्षांची प्रत मिळण्याबाबत.
मी या प्रकरणातील तक्रारदार आहे. 12 मे रोजी मला 30 एप्रिलचा अहवाल केवळ वाचायला दिला गेला, प्रत दिली नाही. निष्कर्षांवर म्हणणं मांडण्यासाठीही त्याआधी प्रत मिळाली नव्हती. कलम 11 व 13 नुसार सही असलेला संपूर्ण अहवाल, निष्कर्ष आणि शिफारशी सात दिवसांत द्याव्यात. अहवाल मालकाला कधी सादर झाला, ती तारीखही कळवावी. मला अपील करायचे आहे. कलम 16 ची गोपनीयता मी पाळीन.'

सात दिवस हे कायद्यातले नाहीत, आपण मागायचे. साक्षीदारांच्या जबान्या मागायच्या असतील तर वेगळ्या पत्रात माग. त्यांवर कंपन्या हमखास अडतात, त्या भांडणात अहवाल लटकायला नको.

पणजीचा पाहुणा
आरटीआयचं चुकलं. पण सर्वोच्च न्यायालयाचा 12 मे 2023 चा गोवा विद्यापीठाच्या प्रकरणातला निकाल जोडला तर?

समितीवाली
तिथे घाईघाईत चौकशी उरकल्याची तक्रार आरोपीची होती. योग्य संधी द्यायला हवी हा मुद्दा अपिलात कामाचा. या पत्राला तो जोडला की पत्र वकिलाकडे जाणार आणि तिथेच पडून राहणार.

फोंडेकरीण
आज पत्र घेऊन गेले. इनवर्डवाल्याने शिक्का द्यायला नकार दिला, 'एचआरला विचारून सांगतो' म्हणाला.

समितीवाली
वाद घालू नकोस. अध्यक्षांना आणि व्यवस्थापनाला वेगवेगळं स्पीड पोस्ट कर, पावती जप. तेच पत्र कंपनीच्या मेलवरून नको, तुझ्या स्वतःच्या मेलवरून पाठव.

फोंडेकरीण
केलं. आणि अपील कुणाकडे करायचं?

समितीवाली
आधी कंपनीच्या सेवा नियमांत बघ, त्यांत असेल तर तिथे. नसेल तर पणजीला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन विचार.

फोंडेकरीण
सेवा नियमांची प्रत मागितली, तर तीही एचआरकडेच आहे म्हणे.