‘क्लोरीन जास्त विद्युतऋण म्हणून’ असे कारण लिहिले तर चालेल का?

पारोळ्याची_पोर
क्रमाबद्दल नाही, कारणाच्या वाक्यातल्या शब्दांबद्दल विचारतेय. प्रश्न नेहमीचाच: ॲसिटिल क्लोराईड, ॲसिटिक ॲनहायड्राइड, इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटामाइड यांचा न्यूक्लिओफिलिक असाइल प्रतियोजनातला क्रियाशीलतेचा क्रम कारणासह लिहा. क्रम याच ओळीत उतरता आहे, तो पाठ आहे. कारण मी असे लिहिते: ‘क्लोरीन जास्त विद्युतऋण असल्यामुळे कार्बोनिल कार्बनवरचा धनभार वाढतो.’ मैत्रीण लिहिते: ‘क्लोराईड अस्थिर असल्यामुळे.’ दोघींना पूर्ण गुण नाहीत. नेमका कोणता शब्द नडतो?

तापीकाठ
तुमच्या वाक्यात ‘जास्त’ नडतो. कोणापेक्षा जास्त? पाउलिंगच्या मापावर क्लोरीन 3.16, ऑक्सिजन 3.44, नायट्रोजन 3.04. तुमचे कारण खरे धरून क्रम लावून बघा. एस्टर क्लोराईडच्या वर जातो आणि अमाइड तळाशी राहतो. शिवाय ॲनहायड्राइड आणि एस्टर दोन्हींत कार्बोनिलला ऑक्सिजनच जोडलेला, म्हणजे त्या दोघांत फरकच उरत नाही. तपासणारा थांबतो तो इथेच: क्रम बरोबर, पण खालचे कारण वेगळाच क्रम सांगतेय.

क्लोरीन कार्बनकडून इलेक्ट्रॉन ओढतो हे खरे आहे. पण ऑक्सिजन आणि नायट्रोजनही ओढतात. फरक पडतो तो परत देण्यात. या तिघांकडेही एकाकी जोडी आहे आणि ती कार्बोनिलकडे सरकली की कार्बनची इलेक्ट्रॉनची भूक कमी होते. नायट्रोजन ही जोडी सढळ हाताने देतो, एस्टरचा ऑक्सिजन थोडी हात राखून देतो, क्लोरीन जवळजवळ देतच नाही. क्लोरीनची जोडी 3p कक्षकात, कार्बनचा कक्षक 2p. आकार जुळत नाही, त्यामुळे दोन्ही कक्षक एकमेकांवर नीट येत नाहीत. म्हणजे क्लोराईडमध्ये ओढणे शिल्लक राहते आणि भरपाई होत नाही.

हे मोजूनही दिसते. अमाइडमधला C–N बंध सुमारे 1.33 आंगस्ट्रॉम आहे, साध्या अमाइनमध्ये तोच सुमारे 1.47. अमाइडमध्ये तो निम्मा दुहेरी झाल्याची ही खूण. ॲसिटिल क्लोराईडमधला C–Cl मात्र क्लोरोमिथेनमधल्याइतकाच, 1.8 च्या आसपास. तो आखडलेला नाही.

तेव्हा वाक्य असे करा: ‘क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, पण 3p–2p आच्छादन दुबळे असल्यामुळे एकाकी जोडी परत देऊ शकत नाही.’ यातला ‘पण’ सोडू नका, गुण त्याच्यामागे आहेत.

पारोळ्याची_पोर
मग ॲनहायड्राइड आणि एस्टर? दोन्हीकडे ऑक्सिजनच देतो ना?

तापीकाठ
ॲनहायड्राइडमध्ये मधला ऑक्सिजन एकच आणि त्याची जोडी मागणारे कार्बोनिल दोन. गोधडी एक आणि ओढणारे दोघे, कोणाचेच अंग पुरते झाकत नाही. एस्टरमध्ये ऑक्सिजनच्या दुसऱ्या बाजूला इथाइल गट आहे, त्याला ती जोडी नको असते. ती सगळी एका कार्बोनिलच्या वाट्याला येते. उत्तरात ‘एकच एकाकी जोडी दोन कार्बोनिल गटांत विभागली जाते’ एवढे लिहिले तरी पुरते.

भुसावळ_जंक्शन
एवढा घोळ कशाला? सगळा खेळ लिव्हिंग ग्रुपचा आहे. निघणाऱ्या गटाच्या संयुग्मी आम्लाचा pKa लिहा: HCl उणे 7 च्या आसपास, ॲसिटिक आम्ल 4.76, इथेनॉल 16, अमोनिया 38. आम्ल जितके तीव्र तितका गट सहज निघतो. क्रम आपोआप लागतो, दोन ओळींत उत्तर संपते. मी वर्गात असेच सांगतो.

तापीकाठ
क्रम लागतो, नाकारत नाही. वेळ कमी असेल तर हे आकडे लिहावेतच. पण ‘सगळा खेळ’ म्हणू नका, भाऊ. या क्रियेला दोन पायऱ्या आहेत. आधी न्यूक्लिओफाइल कार्बोनिल कार्बनला चिकटतो आणि चतुष्फलकी मध्यस्थ तयार होतो, मग गट निघतो. बऱ्याच वेळा मंद पायरी पहिली असते, आणि त्या पायरीत गट अजून निघालेलाच नसतो. मग ‘गट सहज निघतो म्हणून वेग जास्त’ हे कारण मंद पायरीला लागू कसे पडेल?

मध्यस्थ खरोखर तयार होतो याचा पुरावा मायरन बेंडर यांनी 1951 मध्ये दिला. एस्टरच्या कार्बोनिलमध्ये ऑक्सिजन-18 घालून त्यांनी जलअपघटन अर्धवट थांबवले. न बदललेला एस्टर परत काढून पाहिला, तर त्यातला काही ऑक्सिजन-18 गायब होता. गट न निघताही ऑक्सिजनची अदलाबदल झाली होती. न्यूक्लिओफाइल येऊन, चिकटून, परत गेल्याशिवाय हे घडत नाही.

भुसावळ_जंक्शन
मग अमाइडचे काय? NH₂⁻ ला कोण बाहेर काढणार? तिथे तरी दुसरी पायरीच अडते ना?

तापीकाठ
तिथे तुमचे बरोबर आहे. अल्कलीत अमाइडच्या मध्यस्थातून हायड्रॉक्साइड परत निघण्याचे प्रमाण एस्टरपेक्षा बरेच जास्त असते, म्हणजे निघणारा गट तिथे खरोखर अडतो. म्हणून मी दोन्ही कारणे लिहायला सांगतो, रेझोनन्स आधी आणि निघणारा गट नंतर.

भुसावळ_जंक्शन
मी उलट सांगेन. pKa आधी. तपासणाऱ्याला आकडा दिसला की हात सैल होतो.

साक्रीकर
मना प्रश्न जरा येगळा शे. क्लोराईड सगळ्यांत क्रियाशील म्हणता, मग ॲसिटॅनिलाइडच्या प्रॅक्टिकलला ॲनहायड्राइडच का देतात? क्लोराईडने उत्पादन जास्त यायला पाहिजे. आमच्याकडे एका गटाने 5 मिली ॲनिलिनमध्ये थेंब-थेंब ॲसिटिल क्लोराईड टाकले, ॲनिलिनइतकेच मोल. धूर निघाला, पांढरा घट्ट गोळा झाला आणि धुऊन, वाळवून हिशोबाच्या निम्म्याच्याही खाली माल हाती आला. म्हणजे क्रमच चुकीचा का?

तापीकाठ
क्रम बरोबर आहे. क्रियाशीलता म्हणजे वेग, उत्पादन नव्हे. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की असा घोटाळा होतो.

हिशोब बघा. 5 मिली ॲनिलिन म्हणजे सुमारे 5.1 ग्रॅम, 0.055 मोल. सगळ्याचे ॲसिटॅनिलाइड झाले तर सुमारे 7.4 ग्रॅम. पण क्लोराईडच्या क्रियेत प्रत्येक रेणूमागे एक HCl सुटतो आणि तो शिल्लक ॲनिलिनलाच पकडून ॲनिलिनियम क्लोराईड करतो. त्या नायट्रोजनची जोडी अडकली, तो आता न्यूक्लिओफाइल राहिला नाही. म्हणून वेगळा बेस न घालता कमाल 3.7 ग्रॅमच्या आसपास. तुमच्या गोळ्यात ते मीठही होते. ते पाण्यात विरघळते, म्हणून धुताना माल ‘गेला’ असे वाटले. पिरिडिनसारखा बेस घातला असता तर आकडा वर गेला असता.

ॲनहायड्राइडमध्ये सुटते ते ॲसिटिक आम्ल. ते दुबळे आहे, ॲनिलिनला तसे बांधून ठेवत नाही. 5 मिली ॲनिलिनला 6 मिली ॲनहायड्राइड घेतले तर ते 0.06 मोलच्या थोडे वर जाते, म्हणजे जेमतेम जास्त. शिवाय वेग आवरता येतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ॲसिटिल क्लोराईडची बाटली उघडली की हवेतल्या पाण्यानेच धूर सुरू होतो.

साक्रीकर
म्हणजे सगळ्यांत क्रियाशील ते कामाला सगळ्यांत सोयीचे, असे नाही.

पारोळ्याची_पोर
मैत्रिणीचा ‘अस्थिर’ राहिला.

अमळनेर_वाचनालय
तो मी घेतो, रसायन तुम्ही बघा. मराठीत ‘अस्थिर’ म्हटले की ते आपोआप बिघडते असा अर्थ कानाला लागतो. ‘कमी स्थिर’ म्हणजे दुसऱ्याच्या तुलनेत, आणि मग कोणाच्या तुलनेत ते लिहावे लागते. ‘क्रियाशील’ला तर समोर कोणीतरी लागतोच. एकटा पदार्थ क्रियाशील कसा असेल?

तापीकाठ
रसायनातही हेच आहे. कोरड्या, घट्ट बंद बाटलीत ॲसिटिल क्लोराईड टिकते. त्याला बदलायला पाणी, अल्कोहोल, अमाइन असे कोणीतरी लागते. मैत्रिणीने ‘अमाइडला रेझोनन्समुळे मिळणारे स्थैर्य क्लोराईडला फारसे मिळत नाही’ असे लिहिले तर ते बरोबर. नुसते ‘अस्थिर’ हे कारण होत नाही, ते निरीक्षणही नाही.

निरीक्षणाच्या बाबतीत आणखी एक. चौघांना थंड पाण्यात टाकून बघायला सांगतात. ॲसिटिल क्लोराईड थेंबानेच टाकायचे. चर्र आवाज, पांढरा धूर. ॲनहायड्राइड पाण्यापेक्षा जड, ते तेलासारखे तळाशी बसते आणि हलवत राहिल्यावर हळूहळू नाहीसे होते, नळी कोमट लागते. इथाइल ॲसिटेट 1 मिली 5 मिली पाण्यात घातले तर थोडे विरघळून बाकीचे वर तरंगते. आणि ॲसिटामाइड लगेच विरघळते! इथे मुले ‘अमाइडची पाण्याशी जलद क्रिया झाली’ असे लिहून मोकळी होतात. विरघळणे म्हणजे क्रिया नव्हे. त्याच नळीत सोडियम हायड्रॉक्साइड घालून उकळा आणि तोंडाशी ओला लाल लिटमस धरा. तो निळा व्हायला लागेल तेव्हा अमोनिया सुटतोय, म्हणजे क्रिया आता सुरू आहे.

पारोळ्याची_पोर
मी असे लिहिले, बघता का? ‘अमाइड सर्वांत कमी क्रियाशील, कारण नायट्रोजन एकाकी जोडी कार्बोनिलला सर्वाधिक देतो आणि NH₂⁻ हा अतिशय वाईट निघणारा गट आहे. म्हणून कोणतेही अमाइड कोणत्याही एस्टरपेक्षा मंद असते.’

तापीकाठ
शेवटचे वाक्य काढा. पेनिसिलिनमधले अमाइड चार अणूंच्या कड्यात आहे. तिथे कड्यावर ताण आहे आणि शेजारच्या कड्यामुळे नायट्रोजन सपाट बसू शकत नाही. जोडी कार्बोनिलकडे नीट झुकत नाही आणि ते साध्या अमाइडपेक्षा कितीतरी जलद उघडते. ‘कोणतेही’च्या जागी ‘साधे’ लिहा.

भुसावळ_जंक्शन
आणि फेनिल ॲसिटेट? तोही एस्टरच, पण इथाइल ॲसिटेटपेक्षा जलद. फिनॉलचा pKa 10, इथेनॉलचा 16. आता सांगा, लिव्हिंग ग्रुप की रेझोनन्स?

तापीकाठ
दोन्ही. ऑक्सिजनची जोडी बेंझिन कड्याकडेही वळते, म्हणजे ॲनहायड्राइडचीच गोष्ट, जरा सौम्य. पण त्यातला किती वाटा कशाचा, हे या एका उदाहरणावरून वेगळे काढता येणार नाही. तुमचा आकडा आणि माझी जोडी इथे एकाच दिशेने ओढतात.

अमळनेर_वाचनालय
प्रश्नात ‘चढता क्रम’ विचारला असेल तर अमाइडपासून सुरुवात, हे कोणीच म्हटले नाही. तिथेही गुण जातात.