शब्दचर्चा : हासिद, मितनागेद आणि ब्रोडीचं बहिष्कारपत्र

रानजाई : एका प्रदर्शनाच्या माहितीफलकांचा मराठी मजकूर करते आहे. विषय १८व्या शतकातले पोलंड-लिथुआनियामधले ज्यू. 'हासिद' आणि 'मितनागेद' या जोडीपाशी गाडी अडली आहे. 'भक्त' आणि 'विरोधक' असं लिहिलं तर चालेल का? उच्चारही नाना तऱ्हेचे दिसतात : हासिद, हसीद, खासिद, मितनागेद, मिस्नागेद. फलकावर प्रत्येकी दोन ओळींचीच जागा आहे.

दप्तरदार : हासिद म्हणजे तिकडचे वारकरीच समजा. रब्बींचं पोथीपांडित्य झुगारून गोरगरिबांनी केलेलं बंड. सरळ 'भक्तिपंथी' आणि 'कर्मठ' लिहा, वाचकाला लगेच कळेल. फक्त 'हासिद' असं लिहू नका, उर्दूत हासिद म्हणजे मत्सर करणारा.

धूळपाटी : उच्चाराचं आधी. पहिला वर्ण घशातला आहे, 'ह' आणि 'ख' यांच्या मधला. मराठीत 'हासिद' रुळतो आहे, तोच ठेवा. 'मिस्नागेद' हा पूर्व युरोपातल्या ज्यूंचा उच्चार, 'मितनागेद' आजच्या हिब्रूतला, अनेकवचन 'मितनागदिम'. उर्दूतल्या शब्दाची अडचण मला वाटत नाही, संदर्भ इतका वेगळा आहे की घोटाळा होणार नाही.

दप्तरदारांचं अर्धं बरोबर आहे. देवाशी जवळीक, प्रार्थनेतली तल्लीनता, आनंदाने केलेली उपासना, हे सगळं हासिदांत होतं. 'पोथी झुगारली' हे मात्र खरं नाही. पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव १७६०मध्ये वारले. त्यांच्यानंतर पंथाची सूत्रं मेझरिचच्या दोव बेर यांच्याकडे आली, ते स्वतः तालमुद, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा मुख्य ग्रंथ, जाणणारे प्रवचनकार होते. त्यांचे शिष्य श्नेउर झालमान यांनी तर धर्मशास्त्राची अख्खी संहिता लिहिली. शब्बाथ म्हणजे शनिवारचा विश्रांतीदिन, आहाराचे नियम, विटाळ-शुद्धी यांतलं काहीही हासिदांनी सोडलं नव्हतं. त्यामुळे 'कर्मठ' हा शब्द दोन्ही बाजूंना लागतो आणि फलकावर निरुपयोगी ठरतो.

'भक्त'मध्ये दुसरी अडचण आहे. 'हासिद' हा शब्द या पंथाच्या कितीतरी आधीचा. स्तोत्रांत तो धर्मनिष्ठ माणसासाठी येतो. १७३०-४०च्या सुमारास पोलंडमध्ये कोणाला हासिद म्हटलं, तर ऐकणाऱ्यासमोर उभा राहायचा तो उपासतापास करणारा, रात्री जागून गूढविद्येचे ग्रंथ वाचणारा विद्वान. ब्रोडी गावात अशा लोकांचं एक अभ्यासगृह होतं, त्याला 'क्लॉइझ' म्हणत, आणि त्यांचा दरारा मोठा होता. बाल शेम तोव यांनी कडक उपासांना नापसंती दाखवली. खाणं-पिणं, गाणं, नाचणं यांतूनही देवाची सेवा होते असं त्यांचं म्हणणं. म्हणजे नव्या लोकांनी नाव जुन्यांचंच घेतलं आणि आचार मात्र पार बदलला. विरोधकांना हेच झोंबलं.

खडूफळा : याला जोडून एक उदाहरण. यहेझकेल लांडाउ हे तरुणपणी ब्रोडीच्या त्याच क्लॉइझमध्ये होते, पुढे प्रागचे मुख्य रब्बी झाले. प्रत्येक आज्ञा पाळण्याआधी 'हे मी अमुक गूढ ऐक्यासाठी करतो' असं एक वाक्य म्हणायची प्रथा हासिदांनी फैलावली होती. तिच्याबद्दल कोणीतरी विचारलं तेव्हा लांडाउंनी होशेया संदेष्ट्याचं एक वचन मुद्दाम बदलून वापरलं. मूळ वचन असं : देवाच्या मार्गांवर नीतिमान चालतात आणि पापी अडखळतात. त्यांनी 'पापी'च्या जागी 'हासिद' घातलं. ज्यांना वचन पाठ होतं त्यांना हा वार कुठे बसला ते सांगावं लागलं नाही.

विरोधकांच्या लिखाणात आणखी दोन शब्द भेटतात. एक 'मितहासदिम', म्हणजे हासिदपणाचा आव आणणारे. दुसरा 'हाशुदिम', म्हणजे संशयित. तो 'हासिदिम'शी जुळणारा म्हणून मुद्दाम निवडलेला. मितनागेद हा शब्द आज एका पक्षाच्या नावासारखा वाटतो, पण या मंडळींनी स्वतःला पंथ मानलंच नव्हतं. त्यांच्या मते तेच मूळ यहुदी धर्मात होते आणि बाहेर पडले होते ते दुसरे.

कोलंबी : मध्येच विचारते. मला वाटलं चर्चा छाबड हाऊसवाल्यांबद्दल आहे, मुंबईच्या नरिमन हाऊसमधल्या. ते हासिदच ना? आणि हासिदांचं आणि बाकीच्यांचं भांडण मटणाच्या सुऱ्यांवरून झालं असं वाचलं होतं. सुरी जास्त धारदार असेल तर जनावराला त्रास कमीच, यात भांडायचं काय? आमच्याकडे खाटीक सुरी चांगली घासूनच घेतो.

धूळपाटी : हो, तेही हासिदच. श्नेउर झालमान यांच्यापासून निघालेली ती शाखा. मराठी वर्तमानपत्रांत 'छाबड' छापून आलं, खरा उच्चार 'खबाद'च्या जवळचा. पण हासिदांच्या अनेक शाखांपैकी ती एक, एवढं लक्षात असू द्या.

सुरीचं सविस्तर सांगतो, कारण सगळं भांडण तिथे अगदी जवळून दिसतं. ज्यू नियमात नुसती धार पुरत नाही, पात्याला खाच नको. नखाला जाणवेल एवढी बारीक खाच असली तरी जनावर अभक्ष्य ठरतं, मग कापणं कितीही नीट झालेलं असो. म्हणून कापणारा, त्याला 'शोखेत' म्हणतात, आधी पातं तपासतो. बोटाच्या मांसल टोकावरून एकदा आणि नखावरून एकदा. दोन्ही वेळा धार आणि तिच्या दोन्ही बाजू. आणि प्रत्येक वेळी पुढे आणि मागे. एकूण १२ फेऱ्या, तेही सावकाश. घाई केली की बारीक खाच हाताला लागत नाही. कापून झाल्यावर पुन्हा तपासायचं, कारण खाच मध्येच पडलेली असू शकते.

तोवर ठोकून घडवलेल्या लोखंडी सुऱ्या वापरात होत्या. अशा पात्याला खूप धार लावायला गेलं की कड खरबरीत होते, गुळगुळीत करायला गेलं की धार बोथट होते. हासिदांनी घासून चकचकीत केलेल्या पोलादी सुऱ्यांचा आग्रह धरला, यिद्दिशमध्ये त्यांना 'घेश्लिफेने' म्हणत. त्या धारदारही होत्या आणि गुळगुळीतही. विरोधकांनी शास्त्राच्या बाजूने काढलेली हरकत अशी की इतकी पातळ कड कापताना लगेच खाच खाते.

पण खरी गोम पुढे आहे. हासिदांनी 'आम्ही असल्याच सुरीचं खाऊ' म्हटलं की गावच्या शोखेतचं मटण त्यांना चालेनासं होतं. मग त्यांचा शोखेत वेगळा, शेजाऱ्याच्या घरी जेवण बंद, लग्नाच्या पंगतीत अडचण. वर मटणावरचा कर हे 'काहाल'चं, म्हणजे गावच्या ज्यू पंचायतीचं, महत्त्वाचं उत्पन्न. वेगळं मटण म्हणजे त्या उत्पन्नाला भोक.

दप्तरदार : म्हणजे शेवटी पैशाचंच कारण. रब्बींनी धर्माचं नाव पुढे केलं, एवढंच.

धूळपाटी : इतक्या झटकन तिथे पोचू नका. १७७२चं ब्रोडीचं बहिष्कारपत्र पाहा. वेगळ्या जमावाने प्रार्थना करायला बंदी, १६व्या शतकातले गूढवादी लुरिया यांच्या परंपरेतला प्रार्थनापाठ म्हणायला बंदी, शब्बाथला पांढरे कपडे घालायला बंदी, घासलेल्या सुऱ्यांना बंदी. पण त्याच पत्रात जुन्या क्लॉइझमधल्या विद्वानांना सूट आहे. त्यांनी तोच पाठ म्हटला तर चालेल, ते पूर्वीपासून म्हणत आलेत. म्हणजे आचार पाखंडी होता म्हणून बंदी आली असं म्हणता येत नाही. जो आचार मोजक्या अधिकारी माणसांना शोभतो, तो कोणीही सोम्यागोम्याने उचलावा याला विरोध होता. ही अधिकाराची बाब आहे, पैशापुरती नाही.

आणि भीतीही खरी होती. शब्बताय झवी या तथाकथित मसीहाने १६६६मध्ये इस्लाम स्वीकारला होता. त्याच्या मागे गेलेले गुप्त अनुयायी पोलंडमध्ये शंभर वर्षांनंतरही होते. त्यांच्यातल्याच याकोब फ्रांक याच्या मंडळींना ब्रोडीतच १७५६मध्ये वाळीत टाकलं होतं. वेगळ्या खोलीत जमणारी, जुनं नाव लावणारी, गूढविद्येचं बोलणारी नवी माणसं दिसली की रब्बींना तेच आठवणार.

खडूफळा : लिथुआनियातल्या विल्ना शहराबाबत मी थोडं वेगळं म्हणेन. तिथे १७७२मध्ये हासिदांची प्रार्थनासभा मोडली, त्यांची लिखाणं जाळली, पुढारी इस्सर याला फटके मारले. मागे बळ होतं विल्नाच्या गाओनचं, म्हणजे एलियाहू बेन श्लोमो यांचं. गाओन काहालचे अधिकारी नव्हते, कर गोळा करत नव्हते, घरात बसून अभ्यास करणारा माणूस. त्यांना मटणाच्या कराचं काय? श्नेउर झालमान आणि वितेब्स्कचे मेनाहेम मेंडेल त्यांना समजवायला विल्नाला गेले, पण गाओनने त्यांची भेटही घेतली नाही. 'ईश्वराविना रिकामी जागा नाही' हे वचन हासिद शब्दशः घेतात आणि त्यातून पवित्र-अपवित्र हा भेदच पुसला जाईल, अशी त्यांची धास्ती होती. शिवाय हासिद तालमुदाच्या अभ्यासाचा वेळ प्रार्थनेच्या तयारीत घालवतात, हीही मोठी तक्रार. गाओनपुरतं तरी कारण तत्त्वाचंच मानावं.

धूळपाटी : गाओनपुरतं बऱ्याच अंशी मान्य. पण त्यांच्या मताचं बहिष्कारपत्र झालं ते काहालच्या शिक्क्याने, आणि १७६४मध्ये चार प्रांतांची परिषद, म्हणजे पोलंडमधल्या काहालांची वरची संस्था, बरखास्त झाल्यापासून काहालची पकड सैल होत होती. वरचा आधार गेलेल्या पंचायतीला वेगळी चूल परवडणारी नव्हती. कोणतं कारण किती, याचं माप आपल्याला काढता येणार नाही असं मला वाटतं.

खडूफळा : मला ते माप गाओनकडे झुकलेलं दिसतं. असो.

रानजाई : खूप मदत झाली. मग 'बहिष्कार' की 'वाळीत टाकणे'? मूळ शब्द 'हेरेम' आहे.

धूळपाटी : 'वाळीत टाकणे' जास्त नेमकं. बहिष्कार आज वस्तूंवर आणि निवडणुकांवरही घालतात. हेरेममध्ये त्या माणसाशी सोयरीक, व्यवहार आणि पंगत सगळंच तुटतं. फक्त फलकावर हेही येऊ द्या की तो टिकला नाही. पहिली फेरी १७७२ची. दुसरी १७८१ची, बाल शेम तोव यांचे शिष्य पोलोन्नेचे याकोब योसेफ यांचं हासिदी विचारांचं पुस्तक १७८०मध्ये छापून आल्यावर. गाओन १७९७मध्ये गेले, त्यानंतर भांडण रशियन सरकारच्या दारात गेलं. श्नेउर झालमान यांना १७९८मध्ये अटक झाली, सुटले, १८००मध्ये पुन्हा धरले. शेवटी झारच्या १८०४च्या कायद्याने वेगळ्या गटाला आपलं प्रार्थनागृह आणि आपला रब्बी ठेवायची मुभा दिली. काहालच्या हातातलं मुख्य हत्यार तिथेच गेलं. आणि घासलेल्या सुऱ्या पुढे मितनागदिमांनीही वापरायला घेतल्या.

दप्तरदार : वारकऱ्यांची तुलना मागे घेतो. तरी 'भक्तिपंथी' हे विशेषण म्हणून चालावं असं अजून वाटतं.

रानजाई : सध्या असं ठरवलं आहे. पहिला फलक : 'हासिद : पूर्वी उपासतापास करणाऱ्या विद्वानाला म्हणत, १८व्या शतकात बाल शेम तोव यांच्या अनुयायांनी हे नाव घेतलं.' दुसरा : 'मितनागेद : हासिदांना विरोध करणारे रब्बी व त्यांचे समाज, हे नाव त्यांना या वादातूनच मिळालं.' सुरीचं चित्र प्रदर्शनात आहेच. त्याखाली 'घासलेली सुरी' लिहू की 'चकचकीत'?

कोलंबी : घासलेली. चकचकीत म्हटलं की नुसती धुऊन पुसलेली वाटते.